धनत्रयोदशीचा गल्ला गुरुवारी का जमा झाला?

2025 च्या दिवाळीत धनत्रयोदशी शनिवारी, 18 ऑक्टोबरला आली. त्या दिवशी भांडी घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे, म्हणून उदाहरणासाठी नाशिकमधलं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. दुकान आणि त्याच्या विक्रीचे आकडे मी मानलेले आहेत. वार, तारखा आणि बँकांच्या सुट्ट्या मात्र त्या दिवाळीच्या खऱ्या आहेत. दुकानाची अर्धीअधिक विक्री आता रोखीने होत नाही. गिऱ्हाईक फोनवरून पैसे भरतं, कार्ड देतं, किंवा पुण्या-मुंबईतला एखादा नातलग घरबसल्या पेमेंट लिंकवर पैसे टाकून कळशी नाशिकच्या आजीकडे पोचवायला सांगतो. हे सगळे पैसे एका पेमेंट गेटवेच्या कंपनीमार्फत दुकानाच्या चालू खात्यात येतात. करारात लिहिलेलं असतं, "T+2".

दुकानदार याचा अर्थ सरळ लावतो. शनिवारी विकलं, दोन दिवसांनी म्हणजे सोमवारी पैसे. शनिवारी दोन लाख दहा हजारांची विक्री झाली आहे, तर सोमवारी दोन लाखांच्या आसपास रक्कम यायला हवी. सोमवारी दुपारी तो मोबाईलवर खातं उघडतो आणि जमा दिसतात 43,938 रुपये. मंगळवारी काहीच नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी, 23 ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दिवशी, 3,09,224 रुपये 40 पैसे एकदम येतात. हा आकडाही त्याच्या वहीतल्या कुठल्याच दिवसाच्या विक्रीशी जुळत नाही. गेटवेने पैसे दाबून ठेवले, अशी त्याची खात्री होते.

या उदाहरणात कुणीही पैसे दाबलेले नाहीत आणि एक दिवसाचाही उशीर झालेला नाही. गेटवेचे दिवस दुकानाच्या दिवसांसारखे मोजले जात नाहीत, एवढंच घडलं आहे. ते कसे मोजले जातात हे एकदा नीट समजलं की दुकानदाराला कुठल्याही सणाच्या आधी कागदावर स्वतःच लिहिता येतं, की कुठल्या दिवशी किती रक्कम येणार. आणि खरोखर उशीर झाला असेल तर तोही लगेच ओळखता येतो.

आधी पैशाची वाट पाहू. गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण आली म्हणजे पैसे दुकानाच्या खात्यात आले, असा समज सर्वत्र आहे. तो एका बाबतीत खरा आहे. बँकेने थेट चालू खात्याला जोडून दिलेला कोड काउंटरवर चिकटवला असेल, तर यूपीआयचे पैसे त्याच क्षणी खात्यात पडतात, रविवार असो की लक्ष्मीपूजन. पण गेटवेमार्फत व्यवहार झाला की मध्ये एक थांबा येतो. पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेतून निघतात आणि गेटवे कंपनीच्या नावाने एका शेड्युल्ड व्यापारी बँकेत उघडलेल्या एस्क्रो खात्यात जातात. हे खातं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बांधलेलं असतं. त्यातले पैसे कंपनीच्या पगाराला किंवा धंद्याला वापरता येत नाहीत, ते दुकानदारांचे म्हणूनच ठेवावे लागतात. तिथून मग गेटवे प्रत्येक दुकानदाराची रक्कम काढून त्याच्या बँकेत पाठवतो. या शेवटच्या पाठवणीला गेटवेवाले सेटलमेंट किंवा पेआउट म्हणतात.

मधला थांबा का लागतो, तर एस्क्रो खात्यात पैसे एकाच वेळी येत नाहीत. यूपीआयचा बँकाबँकांमधला हिशेब दिवसातून अनेक फेऱ्यांत मिटतो आणि तो आता सुट्टीच्या दिवशीही होतो. कार्डांच्या कंपन्या आणि नेटबँकिंग देणाऱ्या बँका यांचा हिशेब मात्र अजूनही बहुतेक कामाच्या दिवसांवर चालतो. गेटवेला प्रत्येक व्यवहाराची आपल्याकडची नोंद बँकेच्या नोंदीशी ताडून पाहावी लागते, आणि पैसे एस्क्रोत खरोखर पोचले की नाही ते बघावं लागतं. न पोचलेली रक्कम वाटायची तर ती दुसऱ्या कुणा दुकानदाराच्या पैशांतून वाटल्यासारखी होईल, आणि एस्क्रोचा नियम नेमका तेच होऊ नये म्हणून आहे. या ताळमेळासाठी एक-दोन कामाचे दिवस घेण्याचा प्रघात जुना आहे. 2009 च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने अशा मध्यस्थ कंपन्यांसाठी पहिल्यांदा निर्देश काढले, तेव्हाच दोन किंवा तीन दिवसांची मुदत घालून दिली होती.

आता करारातल्या त्या तीन अक्षरांकडे येऊ. "T+2" मधला "T" म्हणजे व्यवहाराचा दिवस. त्यापुढचे दोन दिवस कामाचे धरायचे. इथे तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: व्यवहाराचा दिवस कधी संपतो, कामाचा दिवस कशाला म्हणायचं, आणि सुट्टीच्या दिवशी व्यवहार झाला तर मोजणी कुठून सुरू करायची. तिन्हींची उत्तरं प्रत्येक गेटवेची वेगळी असू शकतात. करारात किंवा मदतीच्या पानावर ती लिहिलेली असतात, पण दुकानदाराला नोंदणीच्या वेळी कुणी ती वाचून दाखवत नाही. आपला सगळा गोंधळ याच तीन जागी होतो.

पहिली जागा कट-ऑफची. दुकानाचा दिवस शटर ओढलं की संपतो, पंचांगाचा सूर्योदयाला बदलतो आणि घड्याळाचा मध्यरात्री. गेटवेचा दिवस मात्र गेटवे ठरवेल तेव्हा संपतो. कुणाचा रात्री बाराला, कुणाचा अकराला, कुणाचा त्याआधी. आपल्या उदाहरणातल्या गेटवेचा कट-ऑफ रात्री दहाचा धरू. शुक्रवारी, 17 ऑक्टोबरला वसुबारस होती. त्या दिवशी दुकानात साठ हजारांची विक्री झाली. त्यातले पंचेचाळीस हजार दहाच्या आत आले आणि पंधरा हजार दहानंतर, कारण उद्या गर्दी होणार म्हणून बरीच मंडळी जेवण आटोपून रात्रीच बाजारात आली होती. दुकानाच्या वहीत हे सगळे साठ हजार शुक्रवारचे आहेत. गेटवेच्या वहीत पंचेचाळीस हजार शुक्रवारचे आणि पंधरा हजार शनिवारचे झाले.

एरवी याने एका दिवसाचा फरक पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सणाला काय होतं ते पाहा. शुक्रवारच्या व्यवहाराचा पहिला कामाचा दिवस शनिवार, दुसरा सोमवार. म्हणून दहाच्या आतले पंचेचाळीस हजार सोमवारी आले. दहानंतरचे पंधरा हजार शनिवारचे ठरले. त्यांचा पहिला कामाचा दिवस सोमवार, 20 ऑक्टोबर. दुसरा कुठला? मंगळवारी 21 तारखेला लक्ष्मीपूजन, बुधवारी 22 तारखेला बलिप्रतिपदा, आणि महाराष्ट्रात दोन्ही दिवशी बँका बंद होत्या. म्हणजे दुसरा कामाचा दिवस थेट गुरुवार, 23 ऑक्टोबर. दहाला पाच कमी असताना घेतलेल्या ताम्हणाचे पैसे सोमवारी आले आणि दहा वाजून पाच मिनिटांनी घेतलेल्या समईचे गुरुवारी. दहा मिनिटांत तीन दिवस गेले.

कार्डाच्या मशीनवर हा कट-ऑफ आणखी एका रूपात भेटतो. बऱ्याच मशीनवर दिवसभराचे कार्ड व्यवहार एका बॅचमध्ये साठतात आणि ती बॅच बंद करून पाठवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. काही मशीन ठरावीक वेळी ती आपोआप पाठवतात, काहींवर दुकानदाराला रात्री सेटलमेंटचं बटण दाबावं लागतं. सणाच्या रात्री दमलेला नोकर बटण न दाबता घरी गेला, तर त्या दिवसाचे सगळे कार्ड व्यवहार दुसऱ्या दिवसाचे होतात. मशीनमधून बॅच बंद झाल्याची चिठ्ठी निघते. ती गल्ल्यात ठेवायची सवय असलेल्या दुकानात हा घोटाळा सहसा होत नाही.

दुसरी जागा कामाच्या दिवसाची. यात सर्वांत जास्त गैरसमज आहेत, कारण इथे तीन वेगवेगळी कॅलेंडरं एकमेकांवर पडतात. पहिलं शनिवारचं. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे. 18 ऑक्टोबर हा महिन्यातला तिसरा शनिवार होता, म्हणून आपण तो कामाचा धरला. पण काही गेटवे सगळेच शनिवार सुट्टीचे मानतात. तसं असतं तर शुक्रवारच्या पंचेचाळीस हजारांचा पहिला कामाचा दिवस सोमवार आणि दुसरा गुरुवार ठरला असता, आणि सोमवारी खात्यात एक रुपयाही दिसला नसता. बँक शनिवारी उघडी होती, दुकानदार स्वतः तिथे जाऊन भरणा करून आला होता, तरी गेटवेच्या लेखी तो दिवस नव्हताच.

दुसरं कॅलेंडर राज्यांचं. बँकांच्या सुट्ट्या 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली जाहीर होतात आणि त्या राज्यागणिक बदलतात. रिझर्व्ह बँकेच्या यादीत मुंबई, नागपूर, बेलापूर, बंगळूर, दिल्ली अशा कार्यालयांनुसार वेगवेगळे रकाने असतात. त्याच दिवाळीत महाराष्ट्रातल्या बँका 21 आणि 22 ऑक्टोबरला बंद होत्या. बंगळूरमध्ये सुट्टी 20 आणि 22 तारखेला होती, 21 ला तिथे कामाचा दिवस होता. तुमचा गेटवे कर्नाटकातली सुट्टी पाळत असेल, तर वसुबारसेचे पंचेचाळीस हजार सोमवारऐवजी मंगळवारी येतील, म्हणजे तुमच्या गावच्या बँकेला कुलूप असताना. उलट सोमवारी तुमच्याकडे सगळं चालू असतानाही काही येणार नाही. म्हणून गेटवेला विचारायचा प्रश्न "सुट्ट्या कोणत्या?" एवढाच ठेवू नये. "सुट्ट्या कुठल्या शहराच्या धरता?" असं विचारावं.

वर्षाच्या सुरुवातीला छापलेली यादीही शेवटची नसते. 2025 च्या सप्टेंबरात ईद-ए-मिलादची सुट्टी 5 तारखेला होती. अनंत चतुर्दशी 6 ला आल्याने राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगरासाठी ती सुट्टी 8 तारखेवर नेली. उरलेल्या महाराष्ट्रात ती 5 लाच राहिली. एकाच राज्यातल्या दोन दुकानदारांचे कामाचे दिवस त्या आठवड्यात वेगळे पडले. 1 एप्रिलचंही असंच आहे. लोकांना त्या दिवशी सण नसतो, दुकानं उघडी असतात, पण बँका वार्षिक हिशेब मिटवण्यासाठी ग्राहकांना बंद असतात, आणि मार्चअखेरच्या विक्रीचे पैसे एक दिवस पुढे जातात.

तिसऱ्या कॅलेंडरची चीड दुकानदाराला खरोखर येते, आणि मला ती रास्त वाटते. पैसे खात्यातून बाहेर जाण्याला सुट्टी नसते. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालते. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून. कर्जाचे हप्ते ज्या यंत्रणेतून कापले जातात ती नॅच 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. त्याआधी हप्त्याची तारीख रविवारी आली की तो सोमवारी कापला जायचा. आता तो रविवारीच कापला जातो. आपल्या भांडेवाल्याच्या टेम्पोचा हप्ता 22 तारखेला असेल, तर तो बलिप्रतिपदेला सकाळीच खात्यातून जाईल. घाऊक व्यापारी लक्ष्मीपूजनाच्या आधी बाकी मिटवायला सांगेल, आणि तिचं आरटीजीएस मंगळवारी रात्रीही करता येईल. देणी रोज चालतात आणि येणी कामाच्या दिवशी. चालू खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत गेला तर दंड दुकानदाराच्या माथी बसतो, आणि त्याचे तीन लाख त्या वेळी एस्क्रो खात्यात पडून असतात.

मग गेटवेने सुट्टीच्या दिवशीही पैसे का पाठवू नयेत? एनईएफटी तर चालूच आहे. काही गेटवे यूपीआयच्या विक्रीपुरते तसं करतातही, दुसऱ्या दिवशी सकाळी रक्कम देतात, सुट्टी बघत नाहीत. कार्डाचे आणि नेटबँकिंगचे पैसे मात्र त्यांच्यापर्यंतच पोचलेले नसतात, ही अडचण खरी आहे. पण ज्या दुकानात नव्वद टक्के विक्री यूपीआयने होते, त्या दुकानालाही सरसकट कामाचे दोन दिवस लावणं, याला ही अडचण पुरेसं कारण होत नाही. यूपीआयची रक्कम वेगळी करून रोज देण्याची सोय तुमच्या गेटवेकडे आहे का, हे विचारून घ्यावं. पुष्कळदा ती असते आणि कुणी मागितलेली नसते.

तिसरी जागा सुट्टीच्या दिवशी झालेल्या विक्रीची. रविवारी, 19 तारखेला दुकानात छ्याण्णव हजारांची विक्री झाली. मोजणीच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत व्यवहाराचा दिवस रविवारच धरतात आणि पुढचे दोन कामाचे दिवस मोजतात: सोमवार आणि गुरुवार. दुसऱ्या पद्धतीत रविवार हा दिवसच नाही, व्यवहार सोमवारचा मानतात, मग त्यापुढचे दोन दिवस गुरुवार आणि शुक्रवार. पहिल्या पद्धतीत रविवारचे पैसे गुरुवारी येतात, दुसरीत शुक्रवारी. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या विक्रीला हा फरक जास्त जाणवतो. पहिल्या पद्धतीत ते पैसे शुक्रवारी, 24 तारखेला. दुसरीत ते थेट सोमवारी, 27 तारखेला, कारण 25 ला चौथा शनिवार होता आणि 26 ला रविवार. आपल्या गेटवेची पद्धत ओळखायला करार धुंडाळायची गरज नाही. एखाद्या साध्या आठवड्यात रविवारी झालेली विक्री कुठल्या वारी जमा झाली ते पाहावं. मंगळवारी आली तर पहिली पद्धत, बुधवारी आली तर दुसरी.

आपल्या उदाहरणात पहिली पद्धत धरू आणि गुरुवारची ती न जुळणारी रक्कम उलगडू. तिच्यात शुक्रवारचे रात्री दहानंतरचे 15,000 आहेत, शनिवारचे 2,10,000 आहेत आणि रविवारचे 96,000. एकूण 3,21,000. यावर गेटवेचं शुल्क दोन टक्के धरलं तर 6,420 रुपये. त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, 1,155 रुपये 60 पैसे. दोन्ही वजा जाता उरतात 3,13,424 रुपये 40 पैसे. तरी खात्यात 4,200 कमीच आले. हे 4,200 शोधताना दुकानदार नेहमी शनिवार-रविवारची बिलं चाळतो आणि तिथे त्याला काही सापडत नाही. कारण आठवड्यापूर्वी विकलेला तांब्याचा एक बंब गिऱ्हाइकाने परत केला होता, बुधवारी दुकानानेच त्याचा परतावा गेटवेवरून दिला, आणि गेटवेने ती रक्कम पुढच्या पेआउटमधून कापली. परतावा ज्या दिवशी द्याल त्याच्या पुढच्या पेआउटमधून जातो. मूळ विक्री कधीची होती याच्याशी त्याचा संबंध नसतो. कार्डाच्या गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवला, तरी कापणी अशीच पुढच्या रकमेतून होते. मूळ विक्रीवर कापलेलं शुल्क अशा वेळी परत मिळेलच असं नसतं. ते करारात बघून ठेवावं.

सोमवारचे 43,938 याच रीतीने सुटतात: पंचेचाळीस हजारांतून 900 शुल्क आणि 162 जीएसटी वजा. आणि शुक्रवारी, 24 ला, सोमवार ते बुधवार अशा तीन दिवसांची विक्री एकत्र येईल.

बँकेच्या पासबुकात मात्र यातलं काही दिसत नाही. तिथे एका ओळीत गेटवेचं नाव आणि एक रक्कम असते. म्हणून पासबुक आणि दुकानाची वही समोरासमोर धरून हिशेब लावू पाहणारा दमून जातो. मध्ये तिसरा कागद लागतो, गेटवेच्या खात्यावरून उतरवून घ्यायचा सेटलमेंटचा अहवाल. त्यात प्रत्येक पेआउटला एक क्रमांक असतो आणि त्याखाली त्यात बसलेला प्रत्येक व्यवहार, त्यावरचं शुल्क, कर आणि परतावे लिहिलेले असतात. पासबुकातली ओळ या क्रमांकाशी जुळवायची आणि या क्रमांकाखालचे व्यवहार दुकानाच्या बिलांशी. जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानाला शुल्कावरच्या कराचं क्रेडिटही याच कामात सापडतं. नुसती निव्वळ रक्कम विक्री म्हणून लिहिणाऱ्याचं ते बुडतं, आणि विक्रीही कमी दिसते.

आता खरा उशीर कसा ओळखायचा ते पाहू. गेटवेच्या पडद्यावर पेआउट झाल्याचं दिसत असेल, तर त्यासोबत यूटीआर नावाचा क्रमांक असतो. एनईएफटीने रक्कम पाठवली तर तो सोळा अक्षर-अंकांचा असतो, आरटीजीएसने पाठवली तर बावीस. हा क्रमांक म्हणजे पैसे गेटवेच्या बँकेतून निघाल्याची खूण. एनईएफटी दर अर्ध्या तासाने एका बॅचमध्ये चालते, आणि ज्या बॅचमध्ये पैसे गेले ती मिटल्यापासून दोन तासांत तुमच्या बँकेने ते खात्यात टाकायला हवेत. त्याहून उशीर केला तर रेपो दरापेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याज देणं तुमच्या बँकेवर बंधनकारक आहे. यूटीआर आहे आणि रक्कम नाही, तर गेटवेशी भांडण्यात अर्थ नाही. क्रमांक घेऊन बँकेत जावं. छोट्या सहकारी बँकांत खातं असेल तर इथे थोडा जास्त वेळ लागताना दिसतो, कारण त्यांतल्या कित्येक बँका या यंत्रणेत स्वतः थेट नसतात. एखाद्या मोठ्या बँकेमार्फत त्यांची रक्कम येते आणि मग शाखेत नोंद पडते.

यूटीआर नसेल आणि आपल्या मोजणीप्रमाणे तारीख उलटून गेली असेल, तर अडचण गेटवेकडे आहे. तेव्हा स्थिती काय लिहिली आहे ते पाहावं. रक्कम रोखून ठेवलेली असेल तर बहुधा कागदपत्रांची पुन्हा पडताळणी चाललेली असते, किंवा अचानक वाढलेल्या विक्रीने त्यांच्या जोखमीच्या खात्याला शंका आलेली असते. एरवी दिवसाला वीस हजार विकणारं दुकान एका शनिवारी दोन लाख विकतं, हे यंत्राला संशयास्पद वाटतं. सणाच्या आठवडाभर आधी गेटवेला तसं ईमेलने कळवून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. पेआउट परत गेल्याचं दिसत असेल, तर खाते क्रमांक किंवा आयएफएससी तपासावा. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलले आणि काहींनी गेटवेकडे जुनाच ठेवला, असं घडलेलं आहे.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी एक बारकावा आहे. काही दुकानं गिऱ्हाइकाची रक्कम आधी कार्डावर नुसती अडवून ठेवतात आणि माल पाठवताना ती पक्की करतात. अशा वेळी मोजणी रक्कम पक्की केल्याच्या दिवसापासून होते, गिऱ्हाइकाने कार्ड दिल्याच्या दिवसापासून नाही. 17 मार्च 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांतही माल पाठवल्याचा, पोचल्याचा आणि परताव्याची मुदत संपल्याचा असे वेगवेगळे दिवस धरले होते, आणि कोणता लागू होईल ते माल पोचवण्याची जबाबदारी कुणाची यावर आणि करारावर सोडलं होतं.

घाई असणाऱ्यांसाठी गेटवे जादा शुल्क घेऊन लगेच पैसे देतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ते घ्यावं का, याचा हिशेब मांडता येतो. समजा हे जादा शुल्क पाव टक्का आहे. शनिवारच्या 2,10,000 रुपयांवर ते 525 होईल, जीएसटी धरून 619 रुपये 50 पैसे. शनिवार ते गुरुवार पाच दिवस तेवढीच रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिटमधून अकरा टक्क्यांनी उचलली, तर व्याज सुमारे 316 रुपये पडतं. मर्यादा मंजूर असलेल्या दुकानाला कॅश क्रेडिट स्वस्त. ज्याच्याकडे ती नाही आणि हप्ता परत जाण्याचा धोका आहे, त्याने हप्त्यापुरतीच रक्कम लगेच मागवावी, सगळी नाही. कित्येक गेटवे अशी थोडी रक्कम काढू देतात.

2026 ची दिवाळी याच मोजणीत बसवून पाहता येते. धनत्रयोदशी शुक्रवारी, 6 नोव्हेंबरला आहे. 7 तारखेचा शनिवार महिन्यातला पहिला, म्हणजे बँका चालू. लक्ष्मीपूजन रविवारी 8 ला, बलिप्रतिपदा मंगळवारी 10 ला. ज्यांचा गेटवे शनिवार कामाचा धरतो, त्यांना धनत्रयोदशीच्या रात्री कट-ऑफच्या आत झालेल्या विक्रीचे पैसे सोमवारी 9 तारखेला मिळतील, पाडव्याच्या आदल्या दिवशी. कट-ऑफनंतरच्या विक्रीचे बुधवारी 11 ला. आणि ज्यांचा गेटवे शनिवार मोजत नाही, त्यांची धनत्रयोदशीची सगळीच विक्री बुधवारी जमा होईल. घाऊक व्यापाऱ्याला कुठली तारीख द्यायची ते यावरून आत्ताच ठरवता येईल. मात्र 14 तारखेला दुसरा शनिवार आहे, हे ती तारीख देताना विसरू नये.